विषम घात सुटतो, सम अडतो

बारावीत इंटिग्रेशन शिकताना ∫ sin³x dx आणि ∫ sin⁴x dx ही दोन उदाहरणं पाठोपाठ सोडवून पाहावीत. दिसायला दोन्ही जुळी, फरक काय तो एका घाताचा. तरी पहिलं तीन ओळींत संपतं आणि दुसरं अर्धं पान खातं. शिवाय दुसऱ्याच्या उत्तरात प्रश्नात कुठेही मोकळा नसलेला x एकटा येऊन बसतो. पुढे पाचव्या आणि सहाव्या घाताला हेच घडतं, सातव्या आणि आठव्यालाही हेच. विषम घात सुटतो, सम अडतो. शिकवणीच्या वर्गात यावर दोन वेगळे नियम पाठ करून घेतले जातात, आणि बहुतेक मुलं ते परीक्षा होईपर्यंत लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात दोन्ही नियमांची पहिली पायरी एकच आहे आणि अडण्याचं कारणही एकच आहे. ते कारण थेट वर्तुळापर्यंत जातं.

समाकलन, म्हणजे इंटिग्रेशन, हा वक्राखालचं क्षेत्रफळ मोजण्याचा हिशेब असतो, एवढं इथे पुरे. साइनचा वक्र म्हणजे लाट. एक फुगवटा अक्षाच्या वर, तेवढाच एक खाली. वरचं क्षेत्रफळ धन, खालचं ऋण, त्यामुळे एका पूर्ण लाटेची बेरीज शून्य. आता साइनचा घन केला तर फुगवटे जरा निमुळते होतात, पण वरचे वर आणि खालचे खालीच राहतात. ऋण संख्येचा घन ऋणच. बेरीज पुन्हा शून्य. साइनचा वर्ग केला की मात्र खालचे सगळे फुगवटे उलटून वर येतात. आता काहीच वजा होत नाही. लाट जसजशी पुढे जाईल तसतसं क्षेत्रफळ साचत राहतं. ही साचणारी रक्कम दाखवायला उत्तरात x असावाच लागतो, कारण साइन आणि कोसाइन स्वतः एक आणि उणे एक यांच्या बाहेर कधी जात नाहीत. तो पाहुणा x चुकून आलेला नाही, त्याच्यावाचून उत्तर पुरं होत नाही.

आधी सोपी बाजू. sin³x मधून एक sin x बाजूला काढायचा. उरतो sin²x, आणि तो १ वजा cos²x इतका असतो हे दहावीपासून माहीत आहे.

∫ sin³x dx = ∫ (1 − cos²x) sin x dx

बाजूला काढलेला तो एकटा sin x इथे कामाला येतो. cos x ला u म्हटलं की u चा सूक्ष्म बदल, म्हणजे du, हा −sin x dx असतो. म्हणजे बाजूला काढलेला घटक dx ला घेऊन du मध्ये विरून जातो आणि उरतं ते साधं बहुपद:

−∫ (1 − u²) du = −u + u³/3, म्हणजेच −cos x + (cos³x)/3 + C

पाचव्या घाताला हीच युक्ती चालते. एक sin x काढला की sin⁴x उरतो, तो (1 − cos²x)² होतो, कंस उघडला की 1 − 2u² + u⁴. उत्तर येतं:

∫ sin⁵x dx = −cos x + (2/3)cos³x − (1/5)cos⁵x + C

युक्ती चालते याचं कारण इतकंच की विषम संख्येतून एक काढला की सम संख्या उरते, आणि साइनचा प्रत्येक सम घात पूर्णपणे कोसाइनच्या भाषेत लिहिता येतो, वर्गमूळ न घेता. कोसाइनचा विषम घात असेल तर भूमिका बदलतात: एक cos x बाजूला, बाकी सगळं साइनमध्ये.

दोघांचा गुणाकार असेल तर ज्याचा घात विषम त्याच्यातून एक काढायचा. दोन्ही विषम असतील तर? कोणाच्याही घरातून काढला तरी चालतं, पण लहान घाताच्या घरातून काढणं शहाणपणाचं. sin⁹x cos³x मध्ये एक cos x काढला तर उरतं u⁹(1 − u²), म्हणजे दोनच पदं, आणि उत्तर (sin¹⁰x)/10 − (sin¹²x)/12. त्याऐवजी sin x काढला तर (1 − u²)⁴ चा कंस उघडावा लागतो, पाच पदं होतात, आणि चिन्हांची चूक होण्याच्या पाच जागा तयार होतात. एक कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की एकाचा घात विषम असला तर दुसऱ्याचा पूर्णांक असण्याचीही गरज नाही. √(sin x) ला cos³x ने गुणलं तरी एक cos x काढून ते उदाहरण तितक्याच सहज सुटतं.

आता अडणारी बाजू. sin²x मधूनही एक sin x काढता येतो, काढायला कोणाची हरकत नाही. पण मग मागे एकच sin x उरतो आणि तो कोसाइनमध्ये लिहायचा तर √(1 − cos²x) असा लिहावा लागतो. शून्य ते काटकोन या टप्प्यात साइन धन असल्यामुळे वर्गमूळ घेणं बिनधोक आहे. u = cos x ठेवलं की उरतं ते हे:

∫ √(1 − u²) du, u शून्यापासून 1 पर्यंत

विद्यार्थी इथे ‘अडलं’ म्हणून पान उलटतात. थोडं थांबून पाहिलं तर y = √(1 − u²) हे एक त्रिज्येच्या वर्तुळाचं समीकरण आहे. हे क्षेत्रफळ म्हणजे पाव वर्तुळ, π/4. विषम घाताला एक घटक काढल्यावर बहुपद हाती लागतं आणि उत्तर अपूर्णांकात येतं. सम घाताला तीच कृती केल्यावर वर्तुळ हाती लागतं, आणि वर्तुळाबरोबर π येतो. सम आणि विषम यांतला सगळा भेद या एका वर्गमुळात आहे.

वर्तुळाचं क्षेत्रफळ आपल्याला पाठ आहे म्हणून sin²x सुटला. एरवी त्यासाठी शाळेत दुप्पट कोनाचं सूत्र वापरतात: sin²x = (1 − cos 2x)/2. त्यातून x/2 − (sin 2x)/4 हे उत्तर एका ओळीत निघतं. त्यातला x/2 म्हणजे ती साचणारी रक्कम, आणि त्याचा अर्थ असा की sin²x ची सरासरी किंमत बरोबर अर्धी आहे. घरातल्या विजेवर छापलेला २३० व्होल्टचा आकडा याच अर्ध्यातून आलेला आहे. भिंतीतल्या प्लगमधलं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा साइनच्या लाटेसारखं वरखाली होतं आणि शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टला पोचतं. पण गिझरच्या कॉइलमध्ये तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. वर्गाची सरासरी शिखराच्या वर्गाच्या निम्मी, म्हणून परिणामकारक व्होल्टेज म्हणजे ३२५ भागिले √2, म्हणजे २३०. पाणी किती तापेल हे २३० ठरवतं, वायरवरच्या रबराला मात्र ३२५ सोसावे लागतात.

sin⁴x ला दुप्पट कोनाचं सूत्र दोनदा लावावं लागतं, sin⁶x ला कंसाचा घन उघडून त्याहून जास्त, आणि sin¹⁰x पर्यंत गेल्यावर कोनांची 2x, 4x, 6x, 8x, 10x अशी रांग लागते. चौथ्या घातापर्यंत ही वाट चांगली आहे. त्यापुढे रिडक्शन फॉर्म्युला बरा, म्हणजे घात उतरवत नेणारं सूत्र. पदवीच्या पहिल्या वर्षी ते पाठ करायला लावतात. ते कुठून आलं हे पाहिलं तर पाठ करायची गरज उरत नाही.

पहिली पायरी तीच: sin ⁿx मधून एक sin x बाजूला काढायचा. फरक पुढे आहे. विषम घाताला उरलेल्या भागाचं बहुपद करत होतो. इथे ते होत नाही, म्हणून गुणाकाराचा नियम उलटा चालवायचा, ज्याला वर्गात बाय पार्ट्स म्हणतात. बाजूला काढलेल्या sin x चं समाकलन −cos x. उरलेल्या sin ⁿ⁻¹x चा अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, (n − 1) sin ⁿ⁻²x cos x. sin ⁿx च्या समाकलनाला I(n) म्हटलं तर:

I(n) = −sin ⁿ⁻¹x cos x + (n − 1) ∫ sin ⁿ⁻²x cos²x dx

आता cos²x च्या जागी 1 − sin²x लिहिलं की उजवीकडचा तुकडा I(n − 2) वजा I(n) होतो. ज्याला शोधत होतो तो I(n) पुन्हा उजवीकडे आलेला पाहून नवखा विद्यार्थी हबकतो. वाटतं, फिरून तिथेच आलो. पण उजवीकडे तो −(n − 1) पट आहे. त्याला डावीकडे आणला की डावीकडे एकूण n पट होतो. n ने भागलं की सूत्र तयार:

I(n) = −(1/n) sin ⁿ⁻¹x cos x + ((n − 1)/n) I(n − 2)

घात दोनदोनने उतरतो, हे यातलं महत्त्वाचं. सम घात उतरत उतरत शून्याला पोचतो, आणि I(0) म्हणजे नुसतं 1 चं समाकलन, म्हणजे x. विषम घात उतरून एकाला पोचतो, आणि I(1) म्हणजे −cos x. सम घाताच्या उत्तरात x कुठून शिरतो हे इथे दुसऱ्यांदा, वेगळ्या वाटेने दिसतं: तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आधीपासून उभा असतो. घात अर्धा किंवा दीड असेल तर दोनदोनने उतरून शून्य किंवा एक कधीच लागत नाही, आणि सूत्र बरोबर असूनही काही कामाचं राहत नाही.

सूत्र लावून सुरुवातीचं sin⁴x आता सोडवू. n = 4 ठेवलं की पहिलं पद −(1/4) sin³x cos x, आणि पुढे (3/4) I(2). पुन्हा n = 2 ठेवलं की I(2) = −(1/2) sin x cos x + x/2. दोन्ही जोडले की:

∫ sin⁴x dx = (3/8)x − (3/8) sin x cos x − (1/4) sin³x cos x + C

दुप्पट कोनाच्या वाटेने गेलेल्या शेजाऱ्याच्या वहीत मात्र (3/8)x − (1/4) sin 2x + (1/32) sin 4x असं काहीतरी असेल. दोघंही बरोबर असतात. या प्रकरणात निम्मी भांडणं अशा दोन बरोबर उत्तरांमध्ये होतात. कधीकधी तर उत्तरं खरोखरच सारखी नसतात आणि तरीही दोन्ही बरोबर असतात. sin³x cos³x मधून cos x काढला तर उत्तर (sin⁴x)/4 − (sin⁶x)/6 येतं, आणि sin x काढला तर −(cos⁴x)/4 + (cos⁶x)/6. x = 0 ठेवून पाहिलं तर पहिलं 0 देतं, दुसरं −1/12. x = π/2 ला पहिलं 1/12 देतं, दुसरं 0. दोन्ही ठिकाणी फरक 1/12 इतकाच, आणि तो सगळीकडे तेवढाच राहतो. शेवटचा + C लिहायला विसरलं की मास्तर गुण का कापतात, त्याचं उत्तर या 1/12 मध्ये आहे. बहुपर्यायी परीक्षेत आपलं उत्तर चार पर्यायांत सापडलं नाही तर ते चुकलं असं लगेच धरू नये. एक-दोन कोन घालून पर्यायांशी फरक कायम राहतो का ते पाहावं. पण दोन कोनांवर जुळणं हा पुरावा नसतो, तो इशारा असतो. पक्की खात्री अवकलनानेच होते.

खऱ्या चुका वेगळ्या असतात. सर्वांत नेहमीची म्हणजे ∫ sin³x dx चं उत्तर (sin⁴x)/4 लिहिणं, जणू x³ च आहे. या उत्तराचं अवकलन केलं तर sin³x cos x येतं, एक cos x जास्तीचा, तेव्हा चूक पकडली जाते. पण अवकलन न करताही संशय यायला हवा. विषम घाताच्या उत्तरात x सुटा दिसला तर कुठेतरी घोटाळा आहे. सम घाताच्या उत्तरात x दिसला नाही तरीही घोटाळा आहे. आणि x असेल तर त्याचा गुणक त्या घाताची सरासरी किंमत असला पाहिजे: दुसऱ्या घाताला १/२, चौथ्याला ३/८, सहाव्याला ५/१६. घात वाढतो तसे फुगवटे निमुळते होतात, म्हणून हा गुणक कमीकमीच होत जायला हवा. चौथ्या घाताला ५/८ आला तर तो १/२ पेक्षा मोठा आहे, आणि आकडेमोड तिथेच थांबवून मागे जाणं बरं.

शून्य ते काटकोन अशा मर्यादा घातल्या की सूत्र आणखी सडसडीत होतं. sin ⁿ⁻¹x cos x हा भाग दोन्ही टोकांना शून्य होतो, एका टोकाला साइन शून्य म्हणून आणि दुसऱ्या टोकाला कोसाइन. उरतो फक्त अपूर्णांक. पाचव्या घाताला ४/५ गुणिले २/३ गुणिले १, म्हणजे ८/१५. मघाशी बाहेर काढलेल्या उत्तरात मर्यादा घातल्या तर 1 − 2/3 + 1/5, तेही ८/१५. दोन वाटांनी एकच आकडा आला की हिशेब बरोबर आहे असं मानायला हरकत नाही. चौथ्या घाताला ३/४ गुणिले १/२ गुणिले π/2, म्हणजे 3π/16.

या दोन आकड्यांची सांगड इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच घातली गेली. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डला १६४९ पासून भूमितीचा प्राध्यापक होता. त्याआधी इंग्लंडच्या यादवी युद्धात त्याने राजपक्षाची सांकेतिक पत्रं उलगडून दिली होती. अनंताचं ∞ हे चिन्ह त्यानेच रूढ केलं. १६५६ मध्ये त्याचं ‘अरिथमेटिका इन्फिनिटोरम’ प्रसिद्ध झालं, तेव्हा न्यूटन शाळकरी वयाचा होता आणि लायबनिट्स दहा वर्षांचाही झाला नव्हता. कलनशास्त्र अजून जन्माला यायचं होतं. वॉलिसला वर्तुळाचं क्षेत्रफळ हवं होतं. (1 − x²) चे पूर्ण घात घेतले तर क्षेत्रफळं साध्या अपूर्णांकात येतात हे त्याला काढता येत होतं. वर्तुळ मात्र अर्ध्या घाताचं, दोन पूर्ण घातांच्या मधल्या जागेतलं. आजच्या भाषेत, x च्या जागी कोसाइन ठेवला की त्याचे पूर्ण घात म्हणजे साइनचे विषम घात आणि मधल्या जागा म्हणजे सम घात. जिथे एक घटक बाजूला काढून काम होत नाही, नेमक्या त्याच जागा वॉलिसला भरायच्या होत्या. त्याने त्या अपूर्णांकांचा चढउतार पाहून, बरंचसं अंदाजाने भरल्या. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने त्याच्या या पद्धतीवर कडाडून टीका केली. टीकेत तथ्य होतं, पण उत्तर वॉलिसचं बरोबर निघालं.

आज त्याचा निकाल सम-विषमाच्या शेजारावरून चार ओळींत समजतो. शून्य ते काटकोनात साइन एकापेक्षा लहान, म्हणून घात वाढला की क्षेत्रफळ घटतं. तिसऱ्या घाताचं २/३, पाचव्याचं ८/१५, आणि चौथ्याचं 3π/16 या दोघांच्या मधे असलंच पाहिजे. म्हणजे π हा १२८/४५ आणि ३२/९ यांच्या मधे, २.८४ आणि ३.५६ यांच्या मधे. फारसं नेमकं नाही हे उघड आहे. नववा, दहावा, अकरावा घात घेतले तर π ३.००२ आणि ३.३०३ यांच्या मधे सापडतो. घात अनंताकडे नेले की दोन्ही भिंती जवळ येत जातात आणि वॉलिसचा गुणाकार मिळतो:

π/2 = (2/1)·(2/3)·(4/3)·(4/5)·(6/5)·(6/7)·…

दिसायला हा गुणाकार फार देखणा, पण π काढायला अगदी निरुपयोगी, इतका सावकाश जवळ येतो. त्याची किंमत दुसरीकडे आहे. १६६४-६५ च्या हिवाळ्यात केंब्रिजमधल्या न्यूटनने वॉलिसचं पुस्तक वाचलं आणि मधल्या जागा भरण्याची तीच कल्पना पुढे नेऊन अर्ध्या, पाव, ऋण अशा कोणत्याही घातासाठी द्विपद विस्तार शोधला.

हा विस्तार आणि साइनचे सम घात एकत्र येतात ते लंबकाच्या घड्याळात. लंबकाचा झोका लहान असो की मोठा, त्याला लागणारा वेळ सारखाच, असं गॅलिलिओ मानत होता. शाळेतलं 2π√(l/g) हे सूत्रही तेच सांगतं. ते खरं नाही. झोका उभ्या रेषेपासून एका बाजूला θ कोनापर्यंत जात असेल आणि k म्हणजे sin(θ/2) असेल, तर एका पूर्ण झोक्याचा वेळ असा:

T = 4√(l/g) ∫ dφ / √(1 − k² sin²φ), φ शून्यापासून π/2 पर्यंत

हे समाकलन कोणत्याही ओळखीच्या फलनांत मावत नाही. न्यूटनच्या विस्ताराने वर्गमूळ उलगडलं तर 1 + (1/2)k² sin²φ + (3/8)k⁴ sin⁴φ अशी पदं येतात, आणि ती सगळीच्या सगळी साइनचे सम घात असतात. विषम एकही नाही. एक घटक बाजूला काढून पटकन सुटण्याची सोय निसर्गाने इथे ठेवलेलीच नाही. घात उतरवत नेण्याला पर्याय नाही. sin² साठी π/2 चा १/२, sin⁴ साठी π/2 चा ३/८, असं प्रत्येक पदाला लावलं की:

T = 2π√(l/g) · (1 + (1/4)k² + (9/64)k⁴ + …)

१/२ चा वर्ग १/४, ३/८ चा वर्ग ९/६४. तेच अपूर्णांक, एकदा न्यूटनच्या विस्तारातून आलेले आणि एकदा साइनच्या घातातून.

कंसातला हा फरक घड्याळावर किती पडतो ते पाहण्यासारखं आहे. क्रिस्तियान हॉयगन्सने १६५६ मध्ये पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं. त्या काळच्या यंत्ररचनेत लंबकाला खूप मोठा झोका घ्यावा लागे, एका बाजूला चाळीस अंशांच्या आसपास. ४० अंशांना k² सुमारे ०.११७ येतो आणि पूर्ण कंस १.०३१. साध्या सूत्रापेक्षा प्रत्येक झोक्याला तीन टक्के जास्त वेळ, म्हणजे दिवसाला पाऊण तास. हा फरक कायम असता तर लंबक थोडा आखूड करून भागलं असतं. अडचण अशी की तेल घट्ट झालं, धूळ बसली की झोका कमी होतो. ४० चे ३८ अंश झाले तरी घड्याळ दिवसाला चार मिनिटांहून जास्त पुढे पळू लागतं. हॉयगन्सने यावर लंबकाच्या दोरीला दोन्ही बाजूंनी वळणदार पट्ट्या लावून झोक्याची वाटच बदलण्याचा उपाय काढला आणि १६७३ च्या आपल्या ग्रंथात तो सिद्धतेसह मांडला.

घड्याळजींनी मात्र सोपा रस्ता धरला. १६७० च्या सुमारास नांगराच्या आकाराची नवी खिट्टी आली आणि झोका एका बाजूला दोन-तीन अंशांवर आणता आला. मालिकेतलं पहिलंच पद, (1/4)k², इथे पुरतं. पुढची नगण्य होतात. ४ अंशांच्या झोक्याला ते दिवसाला २६ सेकंद देतं, ३ अंशांना १५, दोन अंशांना साडेसहा. म्हणजे झोका चारवरून तीनवर आला तर घड्याळ दिवसाला अकरा-बारा सेकंद पुढे जाईल, पण दोनवरून दीडवर आला तर तीनच सेकंद. उलट टोकाला, लंबक आडवा धरून ९० अंशांवरून सोडला तर k² अर्धा होतो आणि मालिकेची पहिली पाच पदं मिळून १.१७७ येतात, खरी किंमत १.१८०. झोका आणखी वाढवून लंबक जवळजवळ डोक्यावर नेला तर मालिका इतकी रेंगाळते की पदं मोजत बसण्यात अर्थ राहत नाही.

घरात जुनं लंबकाचं घड्याळ चालू असेल तर झोक्याचा कोन मोजून हा हिशेब करून पाहता येईल. किल्ली भरल्यावर आणि किल्ली संपत आल्यावर असे दोन कोन घ्यावेत, प्रत्येकाच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग करावा, त्याला चारने भागून ८६,४०० ने गुणावं. दोन उत्तरांतला फरक म्हणजे केवळ झोक्यापायी घड्याळ दिवसाला किती सेकंद सरकेल, तो आकडा. प्रत्यक्षातली चूक त्याहून बरीच जास्त निघाली तर दोष झोक्याचा नाही. उन्हाळ्याने लांबलेल्या लंबकाच्या दांडीकडे किंवा झिजलेल्या खिट्टीकडे पाहावं.